जर्मन भाषेतला बँकेचा एसएमएस : स्क्रीनशॉटवरून काय ठरवता येते आणि काय नाही

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत एमएस करते. काल रात्री तिने तिथल्या बँकेकडून आलेल्या एका एसएमएसचा स्क्रीनशॉट पाठवला. सगळा मजकूर जर्मनमध्ये आहे. तिचं जर्मन जेमतेम, आणि आम्हाला तर एक शब्दही कळत नाही. मोबाईलवर भाषांतर केलं तर कसली तरी नोंदणी संपतेय, नाहीतर खातं बंद होईल, असं काहीतरी आलं. मेसेज बँकेच्या आधीच्या खऱ्या मेसेजांच्या खालीच आलाय. हा खरा आहे की फसवणूक, हे नुसत्या स्क्रीनशॉटवरून कसं ओळखायचं?

उत्तर : तुमच्या मुलीने लिंकवर टॅप केले नसेल तर तिने ते करू नये. टॅप करून तिथे आपले युजरनेम, पिन किंवा कार्डाचा क्रमांक भरला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवून तिला आधी ११६ ११६ हा क्रमांक फिरवायला सांगावे. जर्मनीत कार्ड आणि ऑनलाइन बँकिंग तातडीने बंद करण्यासाठीचा हा मध्यवर्ती क्रमांक असून तो रात्रंदिवस चालू असतो. जर्मनीबाहेरून लावायचा असल्यास त्याआधी +४९ लावावे.

आता मूळ मुद्दा. मी सोळा वर्षे बँकांच्या फसवणूक-नियंत्रण विभागांत काम केले, त्यांपैकी सात वर्षे जर्मनीत. या काळात असे हजारो स्क्रीनशॉट पाहिले, आणि त्यांतून पक्की झालेली एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : स्क्रीनशॉटवरून मेसेज खोटा आहे हे पुष्कळदा सिद्ध करता येते; खरा आहे हे मात्र कधीही सिद्ध करता येत नाही. खोटेपणाची एक भक्कम खूण सापडली की निर्णय झाला. पण एकही खूण सापडली नाही, तर त्यावरून एवढेच कळते की आपल्याला ती सापडली नाही. खरेपणाची खात्री चित्राबाहेरच, म्हणजे बँकेच्या आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेनेच करावी लागते. हे आधी स्पष्ट केले नाही, तर पुढच्या खुणा वाचून माणूस भलत्याच आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूला जातो.

तुम्ही पाठवलेल्या चित्रातला मजकूर मी खाली उतरवला आहे. पत्त्यातला शेवटचा तुकडा मात्र मुद्दाम बदलून .example असा केला आहे, म्हणजे वाचणाऱ्या कोणाचे बोट चुकून लागले तरी काही उघडणार नाही.

```
Sparkasse
Ihre pushTAN-Registrierung läuft am 14.03. ab.
Um eine Sperrung Ihres Kontos zu vermeiden,
erneuern Sie diese bitte jetzt:
https://sparkasse-pushtan-service.example/de
```

याचा अर्थ असा : 'तुमची पुशटॅन नोंदणी १४ मार्च रोजी संपत आहे. तुमचे खाते बंद होणे टाळण्यासाठी कृपया ती आत्ताच नव्याने करा.' श्पारकासे ही जर्मनीतल्या बचत बँकांची मोठी मंडळी आहे. तीनशेहून अधिक स्वतंत्र बँका हे एकच नाव आणि तेच लाल बोधचिन्ह वापरतात. पुशटॅन म्हणजे त्यांचे मोबाईलवरचे मंजुरी ॲप. पैसे पाठवताना त्या ॲपमध्ये रक्कम आणि समोरच्याचा खाते क्रमांक दिसतो आणि तिथे मंजुरी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. आपल्याकडच्या ओटीपीचे काम तिथे बऱ्याच अंशी हे ॲप करते.

माझा निर्णय : हा मेसेज फसवणुकीचा आहे. तो मी कसा काढला ते क्रमाने सांगतो, कारण पुढच्या वेळी भाषा डच किंवा जपानी असली तरी पद्धत हीच राहील.

सर्वांत आधी मी मजकूर वाचत नाही. मेसेज वाचणाऱ्याकडून काय करवून घेऊ पाहतो आहे, ते पाहतो. बँकेचे एसएमएस ढोबळमानाने दोन जातींचे असतात. काही मेसेज नुसते कळवतात : अमुक रक्कम गेली, तमुक कार्ड वापरले गेले. काही मेसेज काहीतरी करायला सांगतात. पहिल्या जातीत लिंक लागत नाही. दुसऱ्या जातीचा मेसेज आपण स्वतः काही सुरू केले असेल तरच अपेक्षित असतो. तुमच्या मुलीने नुकताच फोन बदलून बँकेत नव्याने नोंदणी मागितली असती, तर त्यानंतर काही मिनिटांत किंवा ठरलेल्या वेळी तिला नोंदणीचा मेसेज येणे समजण्यासारखे होते, आणि काही बँका त्या कामासाठी खरोखर लिंकही पाठवतात. म्हणून 'लिंक आहे म्हणजे खोटाच' असे मी म्हणत नाही. पण तिने काहीही मागितलेले नसताना अचानक एक मेसेज येतो, मुदत घालतो, न केल्यास खाते बंद होईल असे बजावतो आणि ते टाळण्याची एकमेव वाट म्हणून स्वतःचीच लिंक पुढे करतो. या चार गोष्टी एकत्र आल्या की त्याचे जर्मन कितीही निर्दोष असो, मी तो खोटा धरतो. इथे त्या चारही आहेत.

खाते बंद होण्याची भीती विद्यार्थ्यांना विशेष लागते, हेही ध्यानात घ्यावे. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या बहुतेक भारतीय मुलांना व्हिसासाठी आधी बंदिस्त खात्यात वर्षाची रक्कम ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, आणि तिथून दरमहा ९९२ युरो त्यांच्या रोजच्या खात्यात येतात. घरभाडे, आरोग्य विमा, फोनचे बिल सगळे त्याच रोजच्या खात्यातून परस्पर कापले जाते. 'श्पेरुंग' म्हणजे खाते बंद करणे हा शब्द वाचला की त्या मुलांना घर आणि व्हिसा दोन्ही डोळ्यांसमोर दिसतात, आणि रात्री अकरा वाजता विचार न करता बोट लिंकवर जाते.

तुम्हाला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे मेसेज खऱ्या मेसेजांच्या खाली येणे. ती गैरसमजाची मोठी जागा आहे. एसएमएसमध्ये प्रेषक म्हणून क्रमांकाऐवजी अकरा अक्षरांपर्यंतचे नाव लावता येते. ते नाव म्हणजे पाठवणाऱ्याने भरलेला मजकूर असतो. बँकेची सही नव्हे. आपला फोन मेसेजांची मांडणी करताना फक्त ते नाव जुळते का एवढे पाहतो. आधीचे खरे मेसेज 'Sparkasse' या नावाने आले असतील आणि ठगाने तेच नाव लावले असेल, तर फोन दोन्ही एकाच पोटात घालतो. फोनने तपासणी केलेली नसते, त्याने नुसती जुळणी केलेली असते.

भारतातून पाहणाऱ्याची इथे हमखास चूक होते, कारण आपल्याला वेगळी सवय लागली आहे. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांना आपले शीर्षक आणि मजकुराचे साचे आधी नोंदवावे लागतात. म्हणून बँकेच्या मेसेजवर सहा अक्षरांच्या नावाआधी दोन अक्षरे आणि एक छोटी रेघ दिसते, आणि आता शेवटी मेसेजचा प्रकार सांगणारे एक अक्षरही दिसते. ही व्यवस्थाही अभेद्य नाही, पण तिला काही अर्थ आहे. परदेशातल्या सिमवर आलेल्या नावाला तोच अर्थ लावता येत नाही, कारण अशी सक्तीची नोंदणी सगळ्या देशांत नाही. सिंगापूरचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावाने आलेले खोटे मेसेज अगदी असेच खऱ्या मेसेजांच्या रांगेत येऊन बसले, आणि सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. त्यानंतर तिथल्या बँकांनी किरकोळ ग्राहकांच्या मेसेजांमधून टॅप करता येणाऱ्या लिंक काढून टाकल्या, आणि जानेवारी २०२३ अखेरपासून प्रेषकाच्या नावाची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसलेल्या नावाचा मेसेज तिथे 'बहुधा फसवणूक' अशा शिक्क्यासह येतो. म्हणजे प्रेषकाच्या नावाला किती वजन द्यायचे हे देशागणिक बदलते. ते ठाऊक नसेल, तर शून्य वजन द्यावे.

उलट दिशेने मात्र प्रेषक उपयोगी पडतो. बँकेचा म्हणवला जाणारा मेसेज भलत्याच देशाच्या मोबाईल क्रमांकावरून, किंवा आयफोनवर एखाद्या ईमेल पत्त्यावरून आलेला दिसला, तर तो तिथेच बाद करावा. म्हणून स्क्रीनशॉट मागताना पूर्ण पडद्याचा मागावा : वर प्रेषक दिसला पाहिजे, वेळ दिसली पाहिजे, आधीचा एखादा मेसेज दिसला पाहिजे. नुसता मजकूर कापून पाठवलेल्या चित्रावर मी मत देत नाही. आयफोनच्या मेसेजमध्ये आणखी एक खूण कधी कधी सापडते. 'या मेसेजला J असे उत्तर द्या आणि मग पुन्हा उघडा' अशी विनंती शेवटी असते. अनोळखी प्रेषकाच्या मेसेजातली लिंक आयफोन टॅप करू देत नाही. उत्तर दिले की ती चालू होते. ठगाला ते ठाऊक असते, म्हणून तो ती विनंती करतो. बँकेला असे काही सांगण्याचे कारणच नसते.

यानंतर मी लिंककडे वळतो, आणि भाषा न कळणाऱ्यासाठी हाच सर्वांत मोठा आधार आहे, कारण पत्त्याचे व्याकरण सगळ्या देशांत एकच असते. ईमेलमध्ये दिसणारे शब्द एक आणि मागे दडलेला पत्ता दुसरा असे होऊ शकते. साध्या एसएमएसमध्ये जो पत्ता दिसतो तोच असतो. तो असा वाचावा : `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जावे, तिथे थांबावे आणि तिथून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचावे. बहुतेक पत्त्यांत शेवटचे दोन तुकडे मिळून मालक ठरतो. त्याच्या डावीकडे कितीही ओळखीची नावे लिहिली तरी ती नुसती सजावट असते.

```
https://www.sparkasse-koelnbonn.de/...
https://sparkasse.de.konto-service.example/...
```

पहिला पत्ता कोलोन-बॉन शहरांच्या खऱ्या बँकेचा आहे. दुसऱ्यात `sparkasse.de` हे शब्द अगदी ठळक दिसतात, पण मालक आहे `konto-service.example`; पुढचे सगळे त्याने आपल्या घरावर लावलेली पाटी आहे. तुमच्या चित्रातल्या पत्त्यात मालकाचे नावच `sparkasse-pushtan-service` असे आहे, म्हणजे बँकेचे नाव घालून कोणीतरी नवीन नाव विकत घेतले आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण अर्धवट नियम शिकवणारे सल्ले पुष्कळ फिरत असतात. 'पत्त्यात छोटी रेघ असेल तर तो खोटा' हा नियम चुकीचा आहे. वरच्या खऱ्या पत्त्यातही रेघ आहे. 'बँकेचे नाव पत्त्यात असेल तर तो खरा' हाही चुकीचा. म्युनिकच्या श्टाड्टश्पारकासेचा खरा पत्ता आहे `sskm.de`, ज्यात श्पारकासे हा शब्दच नाही. आणि कुलुपाचे चिन्ह किंवा `https` दिसले म्हणून निर्धास्त व्हावे हा तर सर्वांत घातक सल्ला, कारण त्यातून एवढेच कळते की मधल्या वाटेवर कोणी डोकावणार नाही. वाटेच्या टोकाला कोण बसला आहे ते कळत नाही. पत्ता 'दिसतो कसा' यावरून निर्णय होत नाही. आपल्या बँकेचा पत्ता काय आहे हे खाते उघडतानाच्या कागदपत्रांवरून ठाऊक करून घ्यायचे आणि अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहायचे, हाच एक मार्ग आहे.

चित्राची एक मर्यादाही इथे येते. रशियन लिपीतला आणि रोमन लिपीतला 'a' डोळ्याला अगदी सारखा दिसतो. `rn` आणि `m`, मोठा `I` आणि छोटा `l` हे लहान अक्षरांत वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून अक्षरे जुळली तरीही चित्रातल्या पत्त्याला 'खरा' म्हणू नये. आणि लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेची असेल, तर खरा पत्ता चित्रात नाहीच; अशा लिंकवर मत देण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक तपासणी घरबसल्या करता येते, आणि त्यासाठी ती साइट उघडावी लागत नाही. `lookup.icann.org` या पानावर पत्त्याचे ते शेवटचे दोन तुकडे हाताने टाइप केले की ते नाव कधी नोंदवले गेले याची तारीख बहुधा मिळते. तुमच्या चित्रातल्या खऱ्या शेपटासह मी ते पाहिले. नाव चार दिवसांपूर्वी नोंदवलेले होते. चार दिवसांच्या पत्त्यावरून कोणतीही बचत बँक आपल्या ग्राहकांची नोंदणी नव्याने करत नाही. उलट अर्थ मात्र काढू नये : तारीख जुनी निघाली म्हणजे पत्ता निर्दोष असे नाही, कारण कुणाच्या तरी जुन्या, दुर्लक्षित साइटमध्ये घुसून तिथे खोटे पान ठेवण्याचे प्रकारही होतात. जर्मनीच्या `.de` पत्त्यांची नोंदणी तारीख सार्वजनिक रीतीने दाखवली जात नाही, त्यामुळे तिथे ही वाट बंद असते.

भाषेकडे मी सर्वांत शेवटी येतो, आणि तिला सर्वांत कमी वजन देतो. पूर्वी मोडक्या जर्मनवरून फसवणूक सहज ओळखू येत असे. आता तसे राहिलेले नाही. तुमच्या मेसेजातले जर्मन व्याकरणदृष्ट्या ठीक आहे. त्यात बँकेचे पूर्ण नाव नाही, म्हणजे कोणत्या शहराची श्पारकासे ते सांगितलेले नाही, एवढीच उणीव आहे. पण भाषेबाबत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

पहिली अशी की मोबाईलवरचे भाषांतर पुरावा पुसून टाकते. भाषांतराचे काम अर्थ लावून नीट वाक्य देणे हे आहे. त्यामुळे मूळ मजकूर अडखळत असला तरी भाषांतर सफाईदार येते. एक उदाहरण देतो. जर्मनमध्ये आपल्या 'तू' आणि 'आपण' सारखा भेद आहे, आणि जुन्या वळणाच्या बँका ग्राहकाला नेहमी आदरार्थी 'झी' म्हणतात. काही नव्या, केवळ मोबाईलवर चालणाऱ्या बँका 'डू' म्हणतात, पण एकदा म्हटले की सगळीकडे तेच म्हणतात. खोट्या मेसेजात एका वाक्यात 'झी' आणि पुढच्या वाक्यात 'डू' असे पुष्कळदा सापडते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे इंग्रजी भाषांतरात ही खूण पूर्णपणे नाहीशी होते. म्हणून भाषांतराचा उपयोग 'मेसेज काय करायला सांगतो' एवढे कळण्यापुरताच करावा. भाषेच्या दर्जाचा निवाडा भाषांतरावरून कधीही करू नये.

दुसरी गोष्ट अशी की भाषा न येणाऱ्यालाही मूळ चित्रात दोन-तीन गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. 'तुमचे' या अर्थाचे आदरार्थी `Ihre`, `Ihres`, `Ihr` हे शब्द वाक्याच्या मध्येही मोठ्या अक्षराने सुरू होतात. छोट्या अक्षराने लिहिले तर त्याचा अर्थ 'तिचे' किंवा 'त्यांचे' असा होतो. वरच्या मेसेजात ते बरोबर आहे. रकमेत जर्मन माणूस हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम देतो, म्हणजे `1.250,00 EUR`. आपल्या सवयीने `1,250.00` लिहिलेले दिसले तर मजकूर बाहेरच्या माणसाने जुळवला असण्याची शक्यता वाढते. आणि `ü`, `ä`, `ß` ही अक्षरे एसएमएसच्या मूळ अक्षरसंचातच आहेत, त्यामुळे `für` ऐवजी `fuer` लिहिण्याची तांत्रिक गरज बँकेला पडत नाही. ही शेवटची खूण मात्र हलकी समजावी, कारण काही जुन्या यंत्रणा अजूनही तसे लिहितात.

इथवर 'खोटा कसा ओळखायचा' हे झाले. पण माझ्या अनुभवात जास्त नुकसान झालेले एक प्रकरण नेमके उलट होते, म्हणून ते सांगतो. श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या एका मराठी तरुणाला रात्री असा मेसेज आला :

```
Ihre TAN für die Zahlung über 489,00 EUR
lautet 482913. Geben Sie diese nicht weiter.
```

म्हणजे '४८९ युरोच्या व्यवहारासाठी तुमचा टॅन ४८२९१३. तो कोणालाही देऊ नका.' त्याने कोणताही व्यवहार केलेला नव्हता. घरच्यांनी तपासले : मी काही खरेदी केली नाही, म्हणजे मेसेज खोटा, म्हणजे दुर्लक्ष करा. मेसेजात लिंक नव्हती, मुदत नव्हती, धमकी नव्हती. तो शंभर टक्के खरा होता. कोणीतरी त्याच्या कार्डाचा क्रमांक घेऊन खरेदी करू पाहत होते आणि बँकेची यंत्रणा नेमाने त्याला कोड पाठवत होती. वीस मिनिटांनी 'बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यावर संशयित व्यवहार दिसतो आहे, तो रद्द करायला आलेला कोड सांगा' असा फोन आला. मेसेज खोटा आहे असे ठरवून बसलेल्या त्या मुलाला तो कोड निरुपयोगी वाटत होता, म्हणून त्याने तो सांगून टाकला. 'मेसेज खरा की खोटा' आणि 'मी सुरक्षित आहे की नाही' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न मागता आलेला खरा कोड म्हणजे आपली माहिती दुसऱ्याच्या हाती पडली आहे, आणि कार्ड लगेच बंद करायला हवे.

आता चित्राबाहेरची खात्री. मुलीने तो मेसेज तसाच ठेवावा आणि त्यातली कोणतीही लिंक किंवा फोन क्रमांक न वापरता बँकेचे ॲप नेहमीप्रमाणे उघडावे. तिच्या खात्याबाबत बँकेला खरोखर काही हवे असेल, तर ते ॲपमधल्या टपालपेटीत दिसेल. तिथे काही नसेल, तर दुसऱ्या दिवशी शाखेत जावे किंवा खात्याच्या करारावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. शोधाच्या वर येणाऱ्या जाहिरातींत खोटी पानेही सापडतात. या सगळ्याला एक दिवस लागला तरी चालतो. मेसेज रात्रीतच निर्णय घ्यायला लावत असेल, तर ती घाई त्याचीच आहे, बँकेची नव्हे.

तिने लिंक उघडून काही भरलेच असेल, तर कुठवर गेली यावर पुढचे अवलंबून आहे. नुसती उघडून बंद केली असेल तर बहुधा काही बिघडलेले नसते. युजरनेम आणि पिन भरला असेल, तर ठगाला खाते पाहता येते, शिल्लक कळते, पण पैसे हलवायला त्याला अजून तिची मंजुरी लागते. युरोपात सप्टेंबर २०१९ पासून ही दुहेरी खातरजमा बंधनकारक आहे. फसवणुकीचा दुसरा अंक म्हणूनच सुरू होतो : तोच 'बँकेतला माणूस' फोन करतो, क्रमांकही बँकेचा दिसतो, आणि तो पुशटॅन ॲपमध्ये आलेली एखादी विनंती मंजूर करायला सांगतो. तो म्हणतो 'हे रद्दीकरण आहे', पण ॲपच्या पडद्यावर लिहिलेले असते की नवे उपकरण जोडले जात आहे, किंवा कार्ड कोणाच्या तरी फोनमध्ये डिजिटल रूपात घातले जात आहे. फोनवरचा माणूस काहीही म्हणो, पडद्यावर जे लिहिले आहे तेच घडते. तिला जर्मन कळत नसेल, तर न कळलेली विनंती तिने नाकारावी. नाकारल्याने काहीही कायमचे बिघडत नाही.

मंजुरी दिली गेली असेल, तर वेळ मिनिटांत मोजावा. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून दहा सेकंदांत पोहोचणारे हस्तांतरण ग्राहकाला द्यावेच लागते, त्यामुळे 'उद्या सकाळी बँकेत जाऊ' म्हणण्याची सोय उरलेली नाही. ११६ ११६ वर फोन करताना आयबॅन, म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, हाताशी ठेवावा. ऑनलाइन बँकिंगचे दार लगेच बंद करायचे असेल, तर बँकेच्या खऱ्या ॲपमध्ये मुद्दाम चुकीचा पिन तीनदा भरला की ते बहुधा बंद होते. फोन लागत नसताना हा उपाय कामी आला आहे. त्यानंतर जोडलेली उपकरणे आणि डिजिटल कार्डे यांची यादी बँकेकडून तपासून घ्यावी, आणि पोलिसांत तक्रार करावी, जी बहुतेक जर्मन राज्यांत ऑनलाइन करता येते. तक्रारीला हा स्क्रीनशॉट जोडावा, म्हणून मेसेज पुसू नये. जर्मन कायद्यानुसार ग्राहकाच्या मंजुरीविना गेलेले पैसे बँकेला परत करावे लागतात, पण ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर नाही. वाद नेमका त्याच मुद्द्यावर होतो. अशा वेळी कोणत्या मिनिटाला काय दिसले, कोणाचा फोन आला आणि बँकेला कधी कळवले, याची लिहून ठेवलेली नोंद तिच्या बाजूने बोलते.

तिने काहीच भरलेले नसेल, तर मेसेजचा मजकूर आणि चित्र `phishing@verbraucherzentrale.nrw` या पत्त्यावर पाठवावे. ग्राहक सल्ला केंद्राचा हा पत्ता असून तिथे आलेल्या नमुन्यांवरून ते इतरांना सावध करतात. मग बँकेलाही कळवावे, कारण साइट बंद पाडण्याची खटपट बँक करते आणि तिला नेमका पत्ता हवा असतो. तो चित्रातून वाचून टाइप करू नये, मेसेजमधून जसाच्या तसा कॉपी करून द्यावा. वर सांगितलेली सारखी दिसणारी अक्षरे तिथेच घोळ घालतात. कॉपी करताना बोट लिंकवर न टेकता मेसेजच्या मजकुरावर दाबून धरावे आणि 'कॉपी' निवडावे. तिला हे फोनवर सांगताना एकेक पायरी सांगून, तिने ती केल्याचे ऐकून मगच पुढची सांगावी.